मदत हवी आहे: राजीनामा दिलेल्या संचालकाला पर्सनल गॅरंटीचं कलम कसं समजावू?

मी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे हिशेब बघतो. तिथल्या एका संचालकांनी 2019 साली 80 लाखांच्या कॅश क्रेडिटसाठी पर्सनल गॅरंटीवर सही केली. 2023 मध्ये राजीनामा दिला, डीआयआर-12 फॉर्मही भरला गेला. आता खातं थकायला लागलंय आणि ते म्हणतात, "कंपनी लिमिटेड आहे, मी तर बाहेर पडलोय, माझा काय संबंध?"

करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे बँक आधी कंपनीमागे न लागता थेट तुमच्याकडे येऊ शकते, हे त्यांना पटलं. राजीनाम्याने गॅरंटी सुटत नाही, हेही पटलं (नाइलाजाने). बँकेला त्यांनी अजून काहीच लेखी कळवलेलं नाही.

मी अडलोय पुढे. गॅरंटी 'कंटिन्यूइंग' आहे, रक्कम 80 लाख अधिक व्याज अशी मर्यादित. 2024 ला लिमिट 1 कोटी 20 लाख झालं, त्यावर यांची सही नाही. कलम 133 प्रमाणे संमतीशिवाय अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारांतून जामीनदार सुटतो. पण करारपत्रात हा हक्क सोडल्याचं वाक्य आहे, आणि गॅरंटी मागे घेता येणार नाही असंही.

वकील गाठणारच आहोत, पण त्याआधी: अशा करारपत्रानंतरही कलम 130 खाली आज गॅरंटी मागे घेत असल्याची नोटीस बँकेला दिली, तर त्यांची जबाबदारी नोटिशीच्या दिवशीच्या बाकीवर थांबते का? आणि त्यानंतर त्याच खात्यात जमा होणारे पैसे आधी ती जुनी बाकी फेडतात, की बँक ते नव्या उचलीकडे वळवू शकते?