उत्तर: टाचांच्या भेगा आणि युरिया क्रीम

"युरियाचं क्रीम लावतेय, रोज वज्रीनं घासतेय, तरी भेगा परत येतात."

रोजचं घासणं आधी थांबवा. घर्षण झालं की कातडी स्वतःला वाचवायला आणखी जाड होते. आठवड्यातून एक-दोनदा पुरे, तेही पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, हलक्या हातानं आणि एकाच दिशेनं. खालची गुलाबी कातडी दिसेपर्यंत घासायचं नाही. धातूची किसणी तर नकोच, तिनं नवीन चिरा पडतात.

दुसरं, ट्यूबवर युरियाचं प्रमाण बघा. १० टक्क्यांचं क्रीम मुख्यतः ओलावा धरून ठेवतं; टाचेचा जाड थर मऊ करायला २० ते २५ टक्के लागतात. माझी काकू कपिलतीर्थ मार्केटात दिवसभर उभी राहून भाजी विकते, पायात मागून उघडी कोल्हापुरी चप्पल. उभं राहिलं की वजनानं टाचेचा गादीसारखा भाग बाहेर पसरतो आणि कडेची कोरडी कातडी ताणून फाटते. तिच्या भेगांतून रक्त येत होतं, तिथं युरिया झोंबायचा. म्हणून आधी भेगा भरेपर्यंत नुसतं व्हॅसलीन, मग रात्री पाय धुऊन ओलसर असतानाच २५ टक्क्यांचं क्रीम आणि वर सुती मोजे. बाजारात मागून बंद बूट घालायला लागली, तेव्हा कुठं भेगा परत येणं थांबलं.

घरात कुणाला मधुमेह असेल तर मात्र घासणं आणि जास्त टक्क्यांचं क्रीम दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.