हुरड्याची पैज, दोन फासे आणि पायथन: 'करून बघितलं' हे उत्तर मानायचं का?

नव्या पेठेतला निखिल:
शेतावर हुरड्याला बसलो होतो, तिथे मेव्हण्याशी पैज लागली. दोन फासे २४ वेळा टाकायचे. एकदा जरी दोन्हीवर सहा पडले तर तो जिंकला, नाहीतर मी. त्याचा हिशेब असा: ३६ दानांत एक, मग २४ दानांत २४/३६, म्हणजे त्याचीच बाजू जड. मला सूत्र जमत नाही, म्हणून हे लिहिलं:

```python
import random

def dav():
    for _ in range(24):
        if random.randint(1, 6) + random.randint(1, 6) == 12:
            return 1
    return 0

N = 1000
print(sum(dav() for _ in range(N)) / N)
```

एकदा ०.५०६ आलं, परत चालवलं तर ०.४७८. दरवेळी बदलतं त्याला उत्तर म्हणायचं का?

निवृत्त गणित मास्तर:
नाही म्हणायचं. उलट्या बाजूने मोजा. एका दानात दोन सहा न पडण्याची शक्यता ३५/३६, चोवीसही दानांत न पडण्याची तिचा चोविसावा घात. `1 - (35/36)**24` करा, ०.४९१४ येतं. तुमची बाजू केसभर जड. पेन असताना संगणकाला हजार वेळा फासे टाकायला लावणं म्हणजे दारातल्या दुकानात जायला रिक्षा करणं.

मेव्हण्यांना मात्र हसू नका. त्यांच्या हिशेबाने ३६ दानांत सहा-सहा पडलेच पाहिजेत, तसं होत नाही हे खरं. पण १६५४ साली पास्कलने फर्माला लिहिलेल्या पत्रात द मेरे नावाचा एक सरदार अशाच प्रमाणावर अडून बसलेला दिसतो. एका फाशावर सहा येण्यासाठी चार दानं फायद्याची, मग ६ ला ४ तर ३६ ला २४, असं त्याचं म्हणणं.

सात रस्ता सुमित:
मास्तर, सूत्र मान्य. पण निखिलचा कोडही बरोबर आहे, फक्त डाव कमी आहेत. ढोबळ हिशेब असा धरा की N डावांना आकडा खऱ्याच्या मागेपुढे 1/√N इतका हलतो, वीसातल्या एकोणीस वेळा तरी त्याच्या आत राहतो. हजाराला ते होतं ०.०३. इथे सगळं भांडण ०.४९१४ आणि ०.५ मधल्या ०.००८६ चं. तोळाभर सोनं ट्रकच्या काट्यावर ठेवलंय बे तू. N दहा लाख कर. माझ्या जुन्या लॅपटॉपला मिनिटभर लागलं, पण तीनदा चालवून ०.४९१८, ०.४९११, ०.४९१५ आलं. आणि डाव शंभरपट केले की एकच अंक जास्त पक्का होतो, म्हणून उगाच कोटीवर जाऊ नको.

बाळीवेस_कोडर:
एवढं कशाला? दोन फाशांची बेरीज २ ते १२, मग `random.randint(2, 12) == 12` एवढंच लिहा, निम्मा कोड. मी दहा लाख डाव घेतले, ०.८९८ आलं. परत चालवलं, ०.८९८. आकडा हलत नाही म्हणजे हेच खरं. मेव्हणा जिंकतोय.

सात रस्ता सुमित:
आकडा हलत नाही याचा अर्थ एवढाच की चूक पक्की झाली. तुझ्या फाशात १२ अकरातून एकदा पडतो, खऱ्या दोन फाशांत छत्तिसातून एकदा. चुकीचा खेळ कितीही वेळा खेळलास तरी उत्तर त्याच खेळाचं येणार. तपासायला सोपं आहे: नुसती लाखभर दानं टाक आणि ७ किती, १२ किती ते मोज. सात साधारण सहापट यायला हवेत. तुझ्याकडे दोन्ही सारखेच येतील.

बाळीवेस_कोडर:
हो, दोन्ही नऊ हजारांच्या आसपास आले. ठीक आहे. पण लाख डावांनंतर आकडा हलायचा थांबतो हे तर बरोबर होतं ना?

हुतात्मा बागेजवळची सुनीता:
तुम्ही सगळे लुडोबद्दल बोलताय का? आमच्या पोराच्या मोबाईलवर त्याला हवं तेव्हा सहा पडतच नाही. आणि घरी गड्ड्याच्या जत्रेतून आणलेला प्लास्टिकचा फासा आहे, कोपरे झिजलेत. मुद्दाम ६० वेळा टाकला, सहा फक्त पाच वेळा. पायथनमधला फासा गुळगुळीत, आमचा तसा कुठाय?

सात रस्ता सुमित:
ताई, साठात दहाच्या जागी पाच हे चांगल्या फाशालाही अधूनमधून होतं. सहाशे वेळा टाकून पन्नासच आले तर मात्र फासा फेकून द्या. झिजलेला फासा कोडमध्ये आणता येतो, `random.choices` ला वजनं देऊन. पण ती वजनं हातानेच मोजावी लागतील, पायथन ती सांगणार नाही.

नव्या पेठेतला निखिल:
मेव्हण्याने नियम बदलला. सहा-सहा सोडून दुसरी कुठलीही जोडी पडली, दोन-दोन, पाच-पाच, तर ते दान मोजायचं नाही, पुन्हा टाकायचं. मास्तर, आता सूत्र?

निवृत्त गणित मास्तर:
आहे की. अशा जोड्या पाच, म्हणजे २४ दानांत सरासरी ३.३३ दानं जादा मिळतील. घात २७.३३ करा, ०.५३७. आता बाजू मेव्हण्यांची.

सात रस्ता सुमित:
मी सूत्र मांडलं नाही, फक्त नियम जसा आहे तसा लिहिला:

```python
def dav():
    baki = 24
    while baki > 0:
        a = random.randint(1, 6)
        b = random.randint(1, 6)
        if a == b == 6:
            return 1
        if a != b:
            baki -= 1
    return 0
```

दहा लाख डाव, ०.५४५१. परत, ०.५४४६. मास्तर, तुमच्या ०.५३७ पासून हे ०.००८ लांब आहे आणि इथे आकडा ०.००१ पेक्षा जास्त हलायला नको. काहीतरी निसटलंय.

निवृत्त गणित मास्तर:
रात्री जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो. निसटलं ते माझंच. जादा मिळालेल्या दानातही जोडी पडू शकते, मग आणखी एक दान मिळतं, ते मी धरलंच नव्हतं. शिवाय घातात सरासरी कोंबायची नसते. सरळ पाहा: त्या पाच जोड्या मोजायच्याच नाहीत, म्हणजे त्या पडल्याच नाहीत. छत्तिसातून पाच गेल्या, उरल्या एकतीस, त्यातली कामाची एक. `1 - (30/31)**24`, म्हणजे ०.५४४८.

सूत्र एका ओळीचंच निघालं, हे नोंदवून ठेवा.

सात रस्ता सुमित:
नोंदवलं. पण कोड नसता तर तुम्ही ०.५३७ वरच झोपला असता, हेही नोंदवा. आणि निखिलसारखे हजारच डाव घेतले असते तर तुमची चूक मलाही दिसली नसती.

निवृत्त गणित मास्तर:
आणि ०.५४४८ सापडला नसता तर तुमचं ०.५४५१ बरोबर की `if` चुकलेला, हे कोण सांगणार होतं? बाळीवेसकरांचंही तीन अंकांपर्यंत पक्कंच होतं.

बाळीवेस_कोडर:
मला मध्ये ओढू नका. माझा प्रश्न वेगळा आहे: त्या द मेरेला २४ दानांत तोटा होतो हे खेळून खेळून कळलं म्हणतात, ते कसं?

सात रस्ता सुमित:
मला पटत नाही. ०.००८६ चा फरक उठून दिसायला 1/√N तेवढा लहान हवा, म्हणजे साडेतेरा हजार डाव. तेही प्रत्येक डाव लिहून ठेवला तर. हाताने कोण टाकणार ओ?

निवृत्त गणित मास्तर:
तुमच्या माझ्यासारख्याला नोकरी होती. सरदाराला काय काम? पण पत्रातून तरी मला तो आकडेमोडीवर अडलेला वाटतो, हरलेल्या पैशांवर नाही.

नव्या पेठेतला निखिल:
मी नवा नियम मान्य केला नाही. काल जुन्या नियमाने एकच डाव झाला. अठराव्या दानाला सहा-सहा पडले. मेव्हणा आता सगळ्यांना सांगत फिरतोय की कोड चुकीचा होता.