शब्दचर्चा: ‘भारित सरासरी’ आणि SUMPRODUCT

रेवती
आमच्या शिकवणीवर्गाच्या गुणपत्रकासाठी मराठी सूचना लिहिते आहे. ‘वेटेड अ‍ॅव्हरेज’ला ‘भारित सरासरी’ म्हणतात हे माहीत आहे, पण पालकांना ते कळेल का? आणि SUMPRODUCT मराठीत कसं सांगायचं? मी ‘बेरीज-गुणाकार’ लिहिलंय. भार वेगळ्या पानावर उभे लिहिले आहेत, B2 ते B6. चाचणी 10, प्रकल्प 20, प्रात्यक्षिक 20, तोंडी 10, लेखी 40. एका मुलीचे गुण आडव्या ओळीत आहेत, प्रत्येक 100 पैकी: 80, 90, 70, 60, 55. सूत्र असं आहे:

```
=SUMPRODUCT(भार!$B$2:$B$6,B5:F5)/SUM(भार!$B$2:$B$6)
```

एक्सेल #VALUE! दाखवतं.

सदाशिव
‘भारित’ म्हटलं की मला विद्युतभारित कण आठवतात. शाळेच्या संविधान तक्त्यात ‘भारांश’ असतो, तोच घ्या. सूत्रात स्वल्पविराम काढून * घाला. दोन्ही एकच आहे, मी नेहमी * वापरतो.

रेवती
घातलं. चूक गेली, पण उत्तर 355 आलं. शंभरापैकी गुणांची सरासरी 355 कशी?

माधव
तुमचं 355 आणि तुमचा शब्द, दोन्हींचा घोटाळा एकच आहे. ‘बेरीज-गुणाकार’ वाचून आधी बेरीज करून मग गुणायचं असं वाटतं. SUMPRODUCT मध्ये उलटं होतं: आधी जोडीजोडीने गुणाकार, मग त्या गुणाकारांची बेरीज. म्हणून ‘गुणाकारांची बेरीज’ असंच लिहा.

आता 355 पाहा. उभे पाच भार आणि आडवे पाच गुण * ने गुणले की जोड्या जुळत नाहीत. प्रत्येक भार प्रत्येक गुणाशी गुणला जातो, म्हणजे 25 गुणाकार होतात. त्यांची बेरीज बरोब्बर ‘बेरजांचा गुणाकार’ येते: 100 × 355 = 35500. त्याला भारांच्या बेरजेने, म्हणजे 100 ने भागलं की नुसती गुणांची बेरीज उरते. स्वल्पविरामाने आकार जुळत नाही हे तोंडावर सांगितलं होतं. * ने तीच चूक झाकली.

खरा उपाय म्हणजे भार आडवे मांडणं, गुणांच्या स्तंभांच्या क्रमानेच. ते वेगळ्या पानावर राहिले तरी चालतील:

```
=SUMPRODUCT(भार!$B$2:$F$2,B5:F5)/SUM(भार!$B$2:$F$2)
```

हातानेही पडताळा: 800 + 1800 + 1400 + 600 + 2200 = 6800, भागिले 100, म्हणजे 68. साधी सरासरी 71 येते. लेखीला 55 आहेत आणि तिचाच भार 40, म्हणून आकडा खाली आला. आणि $ विसरू नका. तो नसला तर सूत्र खाली ओढताना भारांची ओळही खाली सरकते.

सदाशिव
माझे भार आणि गुण दोन्ही आडवेच असतात, म्हणून हे कधी दिसलं नाही. ‘दोन्ही एकच’ हे मागे घेतो.

दत्ता पाटील
आमच्याकडे वजन म्हणजे काट्यावरचंच वजन. सोयाबीन तीन वेळा विकलं: 12 क्विंटल 4200 ने, 8 क्विंटल 4400 ने, 20 क्विंटल 4100 ने. भावांची सरासरी 4233 येते, पण हाती 1,67,600 आले. भागिले 40 केलं तर 4190 पडला. हे यातच बसतं का?

माधव
अगदी यातच. तुमचे क्विंटल हेच भार, आणि त्यांची बेरीज 100 नाही, 40 आहे. म्हणूनच भाजक सूत्रात लिहायचा, ‘शंभरने भागा’ असं डोक्यात धरायचं नाही. उद्या रेवतीताईंनी तोंडीचा भार 15 केला आणि बाकीचे तसेच ठेवले, तरी सूत्र बरोबर चालेल.

रेवती
68 आलं! एका मुलाच्या प्रकल्पाच्या खान्यात ‘गैरहजर’ लिहिलंय, बाकी गुण याच मुलीइतके. त्याची सरासरी 50 आली, चूक काहीच दाखवली नाही.

माधव
स्वल्पविरामाच्या सूत्रात मजकूर शून्य धरला जातो. * असता तर #VALUE! आलं असतं. प्रकल्प हिशेबातून वगळायचा असेल तर भाजकातूनही त्याचा भार काढावा लागेल:

```
=SUMPRODUCT(भार!$B$2:$F$2,B5:F5)/SUMPRODUCT(भार!$B$2:$F$2,--ISNUMBER(B5:F5))
```

मग 5000 भागिले 80, म्हणजे 62.5. रिकामा खानाही असाच वगळला जातो, पण खरोखरचं 0 मोजलं जातं.

सदाशिव
पण मग न आलेल्याला 62.5 आणि येऊन प्रकल्पात 20 मिळवणाऱ्याला 54? मला हे पटत नाही. गैरहजर म्हणजे शून्यच.

रेवती
हा मुलगा आजारी होता. संचालकांना विचारते. शब्दांचं म्हणाल तर स्तंभाच्या डोक्यावर ‘भारांश’ आणि पालकांच्या पत्रात ‘भारानुसार सरासरी’ लिहीन म्हणते.

दत्ता पाटील
‘भारांश’ आमच्या घरी कुणाला कळणार नाही. ‘कशाला किती महत्त्व’ लिहा.