सल्ला हवा: थ्रीडी प्रिंट केलेल्या डबीचं झाकण स्क्रू आणि डिंकाशिवाय कसं बसवावं?

मुक्ता_के

नमस्कार मंडळी. गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी स्वयंपाकघरात दाखवणारं एक छोटं यंत्र केलं आहे. ईएसपी३२ चा बोर्ड, लहान डिस्प्ले आणि एक १८६५० सेल. यंत्र उत्तम चालतंय, गाडी अडली आहे ती डबीपाशी.

डबी बाहेरून ८० बाय ५० बाय २८ मिमी, भिंत २ मिमी. झाकणाच्या आतल्या बाजूला चार क्लिपा आणि डबीच्या भिंतीत त्यांच्यासाठी खाचा. झाकण बेडवर पालथं ठेवून प्रिंट करते, म्हणजे क्लिपा उभ्या येतात. पीएलए, ०.४ चं नोझल, ०.२ चा थर. क्लिपची लांबी ६, जाडी २, आकडा १.२ मिमी पुढे आणि क्लिप व भिंतीत ०.१ ची फट.

अडचणी दोन. क्लिपा मुळापाशी तुटतात, बहुतेक वेळा पहिल्यांदा झाकण दाबतानाच. आणि झाकणाची कड डबीच्या तोंडात शिरत नाही; पॉलिश पेपरने घासली की शिरते, पण मग एका बाजूने हलते. चार्जिंगसाठी सेल बाहेर काढावा लागतो, त्यामुळे आई झाकण वरचेवर उघडणार. म्हणून स्क्रू नकोत. मापं कशी ठरवावीत?

प्रसाद_डोंबिवली

पीएलए सोडा, पीईटीजी घ्या. पीएलए कडक असतं, वाकायच्या आधी तुटतं. आणि इनफिल १०० टक्के करा. माझ्या सगळ्या क्लिपा पीईटीजीच्या आहेत, एकही तुटलेली नाही.

साचेकार

मुक्ताताई, तुटलेला तुकडा उजेडात धरून बघा. तुटलेली जागा सपाट, गुळगुळीत आणि बेडला समांतर असेल तर क्लिप थरांमधून सुटली आहे. ती जागा खडबडीत असेल आणि आसपास पांढुरका डाग असेल तर प्लास्टिक ताणलं जाऊन तुटलंय. दोन्हींवर उपाय वेगळा आहे.

प्रसाद, पीईटीजीचं म्हणणं बरोबर आहे, त्याला वाकणं जास्त सोसतं. पण २ मिमी जाडीच्या क्लिपमध्ये इनफिलला जागाच उरत नाही. ०.४ च्या रेघा दोन्हीकडून दोन-तीन आल्या की क्लिप भरली. तिथे इनफिलचा आकडा वाढवून काही फरक पडणार नाही.

मुक्ता_के

बघितलं. सपाट आणि गुळगुळीत आहे, थराची रेघही दिसते. एका तुकड्याला मात्र कडेला किंचित पांढरेपणा आहे.

साचेकार

म्हणजे दोन्ही झालंय. आधी मापाचं बोलू. सरळ, एकसारख्या जाडीची क्लिप वाकवली की मुळाशी किती ताण येतो, ते या सूत्राने कळतं:

```
strain = 3 * h * y / (2 * L * L)
```

h म्हणजे जाडी, L म्हणजे मुळापासून आकड्यापर्यंतची लांबी आणि y म्हणजे झाकण बसताना क्लिपला किती मागे सरावं लागतं ते. तुमचा आकडा १.२ आणि फट ०.१, म्हणजे y झाला १.१. जाडी २, लांबी ६. उत्तर येतं ०.०९२, म्हणजे नऊ टक्क्यांच्या वर. इतक्या आखूड आणि जाड क्लिपला हे सूत्र तंतोतंत लागू होत नाही, झाकणही थोडं वाकतं. तरी अंदाज यायला पुरेसं आहे. वरचेवर उघडायच्या पीएलएच्या क्लिपला मी दीड टक्क्यापुढे जाऊ देत नाही.

लांबीचा वर्ग होतो, म्हणून सगळ्यात जास्त फायदा लांबी वाढवण्यात आहे. तुमच्या डबीत आत २४ मिमी खोली आहे, तिचा उपयोग करा. लांबी १४, जाडी १.६, आकडा १ आणि फट ०.२ धरली तर y येतो ०.८ आणि ताण साधारण एक टक्का. जाडी १.६ अशासाठी की ०.४ च्या बरोबर चार रेघा बसतात, मधे पोकळी राहत नाही. मुळाशी काटकोन ठेवू नका, ०.८ ते १ मिमीची गोलाई द्या. काटकोनात सगळा ताण एका रेषेवर येतो आणि चीर तिथूनच सुरू होते.

फट आकड्याची पकड खाते हेही ध्यानात ठेवा. आकडा १ मिमीचा काढला तरी ०.२ फटीत गेले, भिंतीला अडकतो तो ०.८ च. उद्या झाकण सैल करायला फट ०.५ केलीत तर पकड ०.५ च उरेल.

रानवारा

माझा शेतावर मोटरचा कंट्रोलर आहे, त्याच्या डबीत पावसाळ्यात पाणी जातं. अशा क्लिपा लावल्या तर पाणी थांबेल का? झाकणाभोवती रबर लावायचा विचार आहे.

साचेकार

नाही थांबणार. रबर सगळ्या कडेने सारखं दाबलेलं राहायला हवं. क्लिपा चार-सहा जागीच धरतात, मधल्या भागात झाकण फुगून वर येतं. शिवाय रबराचा दाब क्लिपवर चोवीस तास राहतो आणि ती हळूहळू त्याच आकारात बसते. तुम्ही सरळ स्क्रूचीच डबी करा.

मुक्ता_के

लांबीचं कळलं, पण थरांचं काय? झाकण पालथं ठेवल्याशिवाय प्रिंट करता येत नाही, मग क्लिप उभीच येणार.

साचेकार

क्लिप झाकणापासून वेगळी करा. क्लिप आडवी, कुशीवर झोपवून प्रिंट करायची. मग प्रत्येक थरात रेघा मुळापासून टोकापर्यंत सलग जातात आणि वाकताना ताण रेघांच्या लांबीवर येतो, थरांच्या जोडावर नाही. क्लिपच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखं डोकं काढा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला त्या डोक्याची खाच ठेवा. क्लिप बाजूने सरकवून बसवायची. डोक्याला चहूकडे ०.१५ ते ०.२ पुरतं. उद्या क्लिप तुटलीच तर एवढा तुकडा पुन्हा काढायचा, झाकण तेच.

डबीच्या भिंतीत खाचेऐवजी आरपार खिडकी ठेवा. पण एक बघा: डबी तोंड वर करून प्रिंट होते, म्हणजे खिडकीची वरची कड हवेत, पुलासारखी ओढली जाते. आकडा नेमका तिथेच अडकतो. तिथला पहिला थर थोडा लोंबतो आणि मग आकडा आत शिरूनही ‘टक’ होत नाही, झाकण किंचित वर राहतं. म्हणून उंचीत ०.३ मोकळे ठेवा आणि लोंबणारा धागा कटरने खरवडा. क्लिप ८ मिमी रुंद असेल तर खिडकी ९ पुरे.

अनघा_पुणे

झाकणाच्या कडेबद्दल मी सांगते. फट वाढवायच्या आधी ती नक्की कुठे अडते ते बघ. डबीचं तोंड वर असतं, ते ठीक असणार. पण झाकण बेडवर असतं आणि पहिला थर दबून बाहेर पसरतो. व्हर्नियर असेल तर बेडकडच्या कडेवर माप घे आणि दोन मिमी वर पुन्हा घे. फरक दिसला तर कारण तेच.

PrusaSlicer मध्ये `Elephant foot compensation` आहे, Cura मध्ये `Initial Layer Horizontal Expansion`, त्यात उणे आकडा टाकायचा. मी सेटिंगवर विसंबत नाही, ड्रॉइंगमध्येच बेडकडच्या कडेला ०.४ चा तिरका छेद देते. म्हणजे फाइल दुसऱ्या कुणी प्रिंट केली तरी बसते. तुझ्या आडव्या क्लिपलाही हा छेद लागेल, नाहीतर डोकं खाचेत शिरणार नाही.

मुक्ता_के

माझ्या झाकणाची डबीत जाणारी कड पालथ्या झाकणावर वरच्या बाजूला येते, ती बेडला टेकत नाही. व्हर्नियरने घेतलं तर ती सगळीकडे ०.१५ ने मोठी आहे आणि एका कोपऱ्यात फुगवटा आहे.

अनघा_पुणे

मग पहिल्या थराचा प्रश्न नाही. कोपऱ्यातला फुगवटा म्हणजे शिवण, प्रत्येक थर जिथे सुरू होऊन संपतो ती जागा. स्लायसरमध्ये `Seam` च्या सेटिंगने ती कडेच्या आतल्या बाजूला ढकल. एका बाजूने हलण्याचं कारणही तेच असावं: तू फुगवटा जाईपर्यंत सगळीकडे घासलंस आणि बाकीची बाजू गरजेपेक्षा जास्त गेली.

फटीचा आकडा इथे विचारून ठरवू नकोस. डबीच्या तोंडाचा फक्त कोपरा आणि झाकणाच्या कडेचा कोपरा काढ, ५ मिमी उंचीचे. एका बाजूला ०.१, ०.२, ०.३, ०.४ अशा फटी ठेव. थोडक्या वेळात प्रिंट होतं आणि तुझ्या मशिनचं, तुझ्या फिलामेंटचं उत्तर मिळतं.

साचेकार

अनघाताईंशी सहमत. एकच भर घालतो. झाकण कुठे बसायचं ते कडेने ठरवायचं, क्लिपने फक्त ते धरून ठेवायचं. कडेला फट जास्त राहिली तर झाकण एका अंगाला सरकतं, त्या बाजूच्या क्लिपची पकड वाढते आणि समोरची सुटते.

मुक्ता_के

कोपरे काढून बघितले. ०.२ ला दाबून बसतं, ०.३ ला अलगद बसतं पण हाताला हललेलं कळतं. ०.२५ धरते. वेगळी क्लिपही काढली, बोटाने चांगली वाकवली तरी शाबूत आहे. आता एवढंच की झाकण बंद केल्यावर किंचित खुळखुळतं, उंचीतल्या त्या ०.३ मुळे.

प्रसाद_डोंबिवली

आकड्याची अडकणारी बाजू सपाट न ठेवता ४५ अंशात तिरकी करा. तिरकी बाजू खिडकीच्या कडेवर चढते आणि झाकण खाली ओढून धरते, मग थोडीफार चूक आपोआप भरून निघते. आईंना उघडायलाही सोपं, नुसतं ओढलं की सुटेल. मी सगळीकडे असंच करतो.

साचेकार

उघडण्यासाठी तिरकी बाजू योग्यच आहे, तीच ठेवा. पण झाकण ओढून धरायचं तर क्लिप बंद असतानाही थोडी वाकलेली राहायला हवी. पीएलए सतत वाकलेलं राहिलं की ढिलं पडतं. आज खुळखुळ थांबेल, काही आठवड्यांनी परत येईल. स्वयंपाकघरात शेगडीजवळ तर लवकरच, कारण साठ अंशांच्या आसपास पीएलए मऊच होतं. मी क्लिप बंद स्थितीत पूर्ण सरळ ठेवतो आणि झाकणाच्या कडेखाली फोमची पातळ पट्टी चिकटवतो.

प्रसाद_डोंबिवली

पण फोमसुद्धा क्लिपला वरच ढकलणार ना? रबराबद्दल तुम्हीच वर तसं लिहिलंय.

साचेकार

ढकलणार, पण मऊ फोमचा जोर रबराच्या मानाने फार कमी. तरी मुद्दा रास्त आहे. पीईटीजीच्या क्लिपेवर तुमची तिरकी बाजू किती टिकते, हे तुमच्याच जुन्या डब्यांवर कळेल. एखादी वर्षभर बंद असलेली उघडून क्लिप सरळ आहे का ते बघाल का?

प्रसाद_डोंबिवली

इन्व्हर्टरजवळ एक आहे. रविवारी उघडून, मोजून इथे टाकतो.

मुक्ता_के

तोवर मी डबी आणि झाकण पीएलएमध्येच ठेवते आणि फक्त चार क्लिपा पीईटीजीत काढते, त्या वेगळ्याच आहेत म्हटल्यावर. पीईटीजीला डोक्याची फट तीच ठेवू की बदलावी लागेल?

अनघा_पुणे

बदलावी लागेल बहुधा. माझ्याकडे पीईटीजीच्या कडा थोड्या फुगीर येतात. तोच कोपऱ्याचा नमुना पीईटीजीत पुन्हा काढ, आणि रीळ बरेच दिवस उघडं असेल तर आधी वाळव. ओलसर फिलामेंटचे धागे नेमके खाचेतच अडकतात.