शब्दचर्चा: बॅच पिकिंग, झोन पिकिंग, वेव्ह पिकिंग यांना मराठीत काय म्हणावं?

भाषांतराचं_काम:
बुटीबोरीकडच्या एका ऑनलाइन मालाच्या गोडाऊनसाठी नवीन पोरापोरींचं ट्रेनिंग पुस्तक मराठीत करून राहिली आहे. आजूबाजूच्या खेड्यातली मुलं आहेत, बहुतेक बारावी झालेली. इंग्रजी पुस्तकात रॅकवरून माल काढायचे बॅच, झोन आणि वेव्ह असे तीन प्रकार एकाखाली एक दिलेत. मी गटवेचणी, विभागवेचणी, लाटवेचणी असं लिहिलं, पण लाटवेचणी वाचून माझंच हसू आवरेना. आणि या तिघांत फरक नेमका काय, ऑर्डरी छोट्या छोट्या आणि ढीगभर असतील तर कोणतं चांगलं, तेही नीट कळलं तर शब्द बरा सुचेल असं वाटते.

वऱ्हाडी_पाहुणा:
वेचणी शब्द एक नंबर. कापूस वेचाले जाणारी बाई एका झाडासाठी घरी ये-जा करत नाही, ओटी भरेपर्यंत ओळीनं पुढे जाते, तेच बॅच. वेव्ह म्हणजे मोठी बॅच, दुसरं काही नाही. बाराची बॅच, आणि दोनशेची केली की वेव्ह.

घरगुती_चटण्या:
आमच्या गावात पिकअपवाला दोन दोन दिवस येत नाही, मी जवसाची चटणी ऑनलाइन विकतो, दिवसाला दहा-पंधरा ऑर्डरी असतात, तर झोन पिकिंग घेतलं तर आमचा पिनकोड त्यात येईल का? कोणाले माहीत असन तर सांगा.

शिफ्ट_इन्चार्ज:
चटणीवाले भाऊ, ते कुरिअरचं पिकअप, इथं गोडाऊनच्या आत रॅकवरून माल काढण्याचं चालू आहे. तुम्हाला पंधरा ऑर्डरीला यातलं काहीच लागत नाही, सगळ्या ऑर्डरींची एक यादी काढा, बरण्या एकदाच टेबलावर आणा आणि तिथं वाटा.

पाहुण्यांचं बॅचचं बरोबर, वेव्हचं नाही. बॅच आणि झोन सांगतात की माणूस कुठं फिरेल आणि एका फेरीत किती ऑर्डरी घेईल. वेव्ह सांगते की काम फ्लोअरवर कधी सोडायचं. म्हणजे पाचची गाडी आहे तर त्या गाडीच्या ऑर्डरी दोन वाजता एकदम सोडल्या, ही झाली वेव्ह, आणि त्या वेव्हच्या आत पोरं बॅच करू शकतात, झोन करू शकतात, नाहीतर एकेक ऑर्डरही काढू शकतात. म्हणून तिन्ही एका रांगेत ठेवून "कोणतं चांगलं" विचारलं की घोळ सुरू होतो.

आता छोट्या ऑर्डरींचा हिशोब बघा. समजा ४८० ऑर्डरी, त्यातल्या ३३६ मध्ये एकच वस्तू आणि १४४ मध्ये दोन-तीन. एकेक ऑर्डर काढायची म्हटलं, फेरीला सरासरी १५० मीटर धरलं तर ७२ किलोमीटर चालणं झालं. आता एकवस्तूवाल्या वेगळ्या काढा आणि २८-२८ च्या बॅच करा, १२ फेऱ्या. उरलेल्या १४४ च्या १२-१२ च्या बॅच, त्याही १२ फेऱ्या. बॅचची फेरी लांब होते कारण जवळपास सगळ्या गल्ल्या लागतात, ३०० मीटर धरा, तरी २४ फेऱ्यांचे जवळपास सव्वासात किलोमीटरच. हात घालणं, स्कॅन करणं तेवढंच राहते, वाचते ते चालणं. म्हणून काम दहापट होईल असं कोणाला सांगू नका.

भाषांतराचं_काम:
एकवस्तूवाल्या वेगळ्या काऊन काढायच्या पण? सगळ्याच मिसळून बॅच नाही होत का?

शिफ्ट_इन्चार्ज:
होते ना, पण मग सगळ्यांसाठी वेगळा खण लागतो. एकच वस्तू असली की कोणाची कोणती हा प्रश्नच उरत नाही, सगळं एका टोटमध्ये, म्हणजे मालाच्या क्रेटमध्ये, कोंबा, पॅकिंगच्या टेबलावर वस्तू स्कॅन झाली की त्या वस्तूची वाट पाहणारी जी पहिली ऑर्डर असेल तिचं लेबल निघते. वाटणी करावीच लागत नाही.

जास्त वस्तूवाल्यांना मात्र ट्रॉलीवर १२ खण लागतात आणि प्रत्येक वस्तू बरोबर खणात पडली पाहिजे. चूक तिथंच होते. शॅम्पू पाच नंबरच्या ऐवजी सहात पडला की पाचमध्ये एक कमी आणि सहात एक जास्त, म्हणजे चूक जोडीनं येते. पॅकिंगवाली "इथं एक कमी" म्हणाली की स्टॉक शोधायला रॅककडे पळायच्या आधी त्याच ट्रॉलीचे बाकीचे खण बघायचे. तो आणि शेजारचा खण दोन्ही न तपासता पॅक झाले तर दोन गिऱ्हाइकांच्या तक्रारी येतात. वस्तू टाकताना खणाचाही बारकोड स्कॅन करायला लावलं की हे बरंच कमी होते, वेळ थोडा जातो.

वऱ्हाडी_पाहुणा:
बरं बापा, वेव्हचं मानलं. पण मग झोन कशाले पाहिजे? बॅचनंच भागते की.

रात्रपाळी:
मी झोनमध्ये काम केलं आहे म्हणून सांगतो. जागा मोठी असली, की एका पोराला सगळ्या गल्ल्या पाठ होत नाहीत, आपल्याच चार गल्ल्या दिल्या की हात आपोआप तिथं जाते आणि अरुंद गल्लीत दोन ट्रॉल्या समोरासमोर अडकत नाहीत. पण आमच्याकडं क्रीम-पावडरची ऑफर लागली की त्या झोनवाल्या पोरी घामाघूम, आणि आम्ही भांड्याच्या झोनमध्ये बसून राहायचो. इन्चार्ज म्हणे आपला झोन सोडायचा नाही. आणि एक वस्तू क्रीमच्या झोनमध्ये, एक भांड्याच्या झोनमध्ये असली तर एका झोनचं काम झालं तरी ऑर्डर दुसऱ्याची वाट पाहत पडून राहायची.

शिफ्ट_इन्चार्ज:
बरोबर, दोन झोनमधल्या वस्तू एकत्र आणायचं काम वाढते, तो झोनचा खर्च. एकवस्तूवाल्यांना तो खर्चच नाही, म्हणून मोठ्या गोडाऊनमध्ये त्यांची बॅच झोनच्या आतच करता येते. छोटं शेड असलं, चार-पाच पोरं असली तर मी झोन पाडणार नाही. वेव्हही गाड्यांच्या वेळा पक्क्या असतील तरच. वेव्ह सुटली की पॅकिंगवाले आधी रिकामे आणि मग टेबलावर ढीग, आणि शेवटच्या चार-पाच ऑर्डरी कुठंतरी अडकलेल्या, तोवर पुढची वेव्ह सोडावी की थांबावं यावरून रोज वाद.

वऱ्हाडी_पाहुणा:
मग शब्द काय? वेचणी की उचल?

भाषांतराचं_काम:
उचल नको, आमच्याकडं उचल म्हणजे अ‍ॅडव्हान्स. "उचल विभाग" पाटी लावली तर पहिल्या दिवशी सगळे पैसे मागायला येतील. बॅच वेचणी आणि झोन वेचणी ठेवते, बॅच-झोन पोरं तसंही म्हणतातच. वेव्हला लाट नाही, पाळीही नाही कारण पाळी म्हणजे शिफ्ट.

रात्रपाळी:
खेप लिहा ना. "पाचच्या गाडीची खेप सोडली", लगेच समजते.

शिफ्ट_इन्चार्ज:
खेप म्हटलं की माझी पोरं ट्रॉलीची फेरी समजतील, "माझ्या तीन खेपा झाल्या" असं बोलतात ते. मी तर वेव्हच लिहीन आणि वेगळ्या पानावर, बॅच-झोनच्या यादीत नाही.

घरगुती_चटण्या:
एक यादी काढली आज, बरण्या टेबलावर आणून वाटल्या. तिखट जवस आणि साधा जवस यांची झाकणं सारखीच असल्यानं दोन डबे आदलाबदल झाले, पण एकात कमी तिखट दिसलं तेव्हाच दुसरा उघडून पाहिला. पिकअपवाल्याचं काय करावं ते कोणी सांगितलं नाही अजून.