मदत हवी: ग्रासिमला सेक्टर कुठला द्यायचा? एकाच सूत्राने दोन उत्तरं येतायत

निशिगंध_७
बाबांच्या शेअर्सची शीट करतोय. प्रत्येक कंपनीला एकच सेक्टर द्यायचा, आणि तो सगळ्यात जास्त महसुलाच्या सेगमेंटवरून, असं ठरवलंय. सूत्र हे:

```
=INDEX($B$1:$F$1, MATCH(MAX(B2:F2), B2:F2, 0))
```

बाकी कंपन्या नीट बसल्या. ग्रासिम मात्र एकदा व्हिस्कोस येते, एकदा सिमेंट. आकडे दोन्ही वेळा कंपनीच्याच अहवालातले. सूत्र चुकलंय का? रात्री बाबांना दाखवायचंय, लवकर सांगा.

शेअरबहाद्दर
ग्रासिम अजून ठेवलीय? रंगाच्या धंद्यात उतरल्यापासून मी तर सोडली. विकताना एक वर्ष पूर्ण झालंय ना बघा, नाहीतर कर जास्त बसतो.

निशिगंध_७
विकायची नाहीये हो. सेक्टर विचारतोय.

वरदा_लेखापाल
आकडे अहवालातल्या कुठल्या पानावरून घेतलेत? आणि दोन्ही एकाच वर्षाचे आहेत का?

निशिगंध_७
वर्ष एकच, 2023-24. पानं वेगळी आहेत, पण दोन्हीकडे सेगमेंटचाच तक्ता आहे.

वरदा_लेखापाल
मग सूत्र बरोबर आहे, तक्ते दोन आहेत. एक स्टँडअलोन, दुसरा कन्सॉलिडेटेड. ग्रासिमचा स्वतःचा महसूल त्या वर्षी साधारण 26 हजार कोटी, त्यात व्हिस्कोस सगळ्यात मोठं. एकत्रित महसूल मात्र 1 लाख 31 हजार कोटी, कारण त्यात अल्ट्राटेक या सिमेंटच्या उपकंपनीचे जवळपास 71 हजार कोटी येतात. ग्रासिमने स्वतःचा सिमेंटचा धंदा वेगळा काढला आणि 2010 मध्ये तो अल्ट्राटेकमध्ये गेला. त्यामुळे स्टँडअलोनमध्ये सिमेंट दिसणारच नाही. तुम्ही शेअर घेता तो अख्ख्या समूहावरचा हक्क असतो, म्हणून कन्सॉलिडेटेडच घ्या, आणि सगळ्या कंपन्यांना तेच लावा.

नागदा_रिटर्न
ग्रासिम म्हणजे मुळात ग्वाल्हेर रेयॉन! काका नागद्याच्या कारखान्यात होते, आमच्या घरी आजही त्या धाग्याच्या गप्पा निघतात. सिमेंट म्हणालात तर काका जेवणार नाहीत.

पैसापाणी
एवढा खटाटोप कशाला? एनएसईची यादी उघडा, तिथे ग्रासिम बांधकाम साहित्यात आहे. संपलं. आणि महसुलावरून सेक्टर ठरवणं हीच मुळात चूक, नफा बघा. रिलायन्सचा महसूल तेल-रसायनांत सगळ्यात मोठा, पण 2023-24 मध्येच ऑपरेटिंग नफ्यात जिओ त्याच्या जवळ पोचलं होतं. खरं तर ती टेलिकॉम कंपनी आहे.

वरदा_लेखापाल
जवळ पोचलं होतं म्हणजे त्या वर्षी पुढे गेलेलं नव्हतं ना! नफ्याचा मुद्दा मात्र पूर्ण चूक नाही. जागतिक पातळीवरच्या जीआयसीएस पद्धतीत एका धंद्याचा महसूल 60 टक्क्यांच्या वर असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. नसेल तर महसूल आणि नफा दोन्ही बघतात. ग्रासिममध्ये सिमेंट 131 पैकी 71, म्हणजे 54 टक्के. सगळ्यात मोठं आहे, पण 60 ओलांडत नाही. तुमचं `MAX` 54 आणि 94 यांत फरकच करत नाही, म्हणून शेजारी हा स्तंभ ठेवा:

```
=MAX(B2:F2)/SUM(B2:F2)
```

60 टक्क्यांच्या खाली आलं की ती ओळ हाताने तपासायची. आणि आधी एकाच सेक्टरात मोडणारे सेगमेंट एकत्र मिळवा, नाहीतर दोन तुकड्यांत विभागलेला मोठा धंदा उगाच हरतो. शिवाय सेगमेंटनी एकमेकांना विकलेला माल वजा केलेला आहे ना, तेही बघा. आयटीसीच्या शेती आणि कागद विभागांत तो बराच असतो.

निशिगंध_७
केलं, ग्रासिम 54 आली. पण बाबांकडे अल्ट्राटेकही आहे. मग सिमेंट दोनदा मोजलं जातंय का?

पैसापाणी
हे आधी सांगायचं ना!

वरदा_लेखापाल
शेअर दोन वेगळे आहेत, त्यामुळे पैसे दोनदा मोजले जात नाहीत. पण ग्रासिमची सगळी रक्कम सिमेंटखाली टाकलीत तर सिमेंटचा वाटा फुगतो. ग्रासिमकडे त्या वर्षी अल्ट्राटेकचे साधारण 57 टक्केच शेअर होते, तरी तक्त्यात महसूल 100 टक्के धरतात. 71 हजारांतले 57 टक्के म्हणजे सुमारे 40 हजार. आदित्य बिर्ला कॅपिटल या वित्तीय उपकंपनीतला ग्रासिमचा वाटाही याच रीतीने धरला तर सिमेंट निम्म्याच्या किंचित खाली येतं. तरीही सगळ्यात मोठं तेच.

निशिगंध_७
म्हणजे सेक्टर सिमेंटच, पण सिमेंटचा वाटा खोटा दिसणार?

वरदा_लेखापाल
हो. एकच सेक्टर द्यायचा हट्ट असेल तर हे होणारच. मी असते तर ग्रासिमची रक्कम वाटून टाकली असती.

पैसापाणी
आणि वाटायची कशावर? महसुलावर की बाजारभावावर? बाजारभावावर केलंत तर अल्ट्राटेकचा वाटा आणखी वाढेल, लिहून ठेवा.

निशिगंध_७
बाबा आले. ते म्हणतायत ग्रासिम कापडाची कंपनी आहे आणि शीटमध्ये तसंच लिही.

नागदा_रिटर्न
बाबांना काकांचा नमस्कार सांगा.