उत्तर: फोटोतल्या जहाजाची लांबी

"वरून काढलेल्या फोटोत जहाज किती लांब ते कंटेनरवरून कळेल का?"

कळेल की, पण आधी डबा २० फुटी की ४० फुटी ते ठरवा, रुंदी दोन्हींची २.४४ मीटरच, लांबी रुंदीच्या पाचपट दिसली तर ४० फुटी म्हणजे १२.१९ मीटर, अडीचपट तर २० फुटी. आमच्या बडोद्याजवळच्या कंटेनर डेपोत दोन्ही शेजारी दिसतात. आता समजा फोटोत ४० फुटी डबा ३१ पिक्सेल लांब, जहाज ४६५, म्हणजे १५ पट, साधारण १८३ मीटर. डबा मोजताना एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर उत्तर १७७ ते १८९, म्हणून झूम करून मोजा. आणि थप्पीवरचा डबा नको हं, तो कॅमेऱ्याजवळ म्हणून मोठा दिसतो आणि जहाज आखूड निघतं, विशेषतः ड्रोन खाली असेल तर. डेकला टेकलेलाच घ्या.